चिखलदऱ्याची हवा पोत्यात भरून आणली तर

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास ब्रह्मपुरीत कोणी कोणाच्या दारात जात नाही. मी गेलो, कारण घरची वीज गेली होती आणि ओळखीच्या राईस मिलच्या ऑफिसात कूलर चालू होता. मालक माझा जुना विद्यार्थी. दोन दिवसांपूर्वीच लेकराबाळांना घेऊन चिखलदऱ्याहून परतला होता, आणि परतल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, गरम हवा वर जाते म्हनून? मंग वर गरम काऊन नाही? येवढ्या साऱ्या गावाची गरमी वर जाते, तर चिखलदरा भट्टी व्हाले पायजे."

तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. आम्हीही एका धड्यात 'गरम हवा हलकी होऊन वर जाते' शिकवायचो आणि दुसऱ्या धड्यात 'उंचावर थंड असते' शिकवायचो. दोन्ही धडे एकमेकांसमोर उभे करायचं कोणाला सुचलं नाही.

बाजूला बसलेल्या मुनीमजींकडे उत्तर तयार होतं: तिकडे झाडं आहेत. हे उत्तर निदान आपल्या भागात तरी कोणी देऊ नये. महाराष्ट्रात सर्वांत जास्त जंगल गडचिरोली जिल्ह्यात आहे, वैनगंगा ओलांडली की सुरू होतं. तरी मे महिन्यात गडचिरोलीचा पारा आपल्यापेक्षा फार मागे नसतो. झाडाखाली सावली मिळते, थोडा गारवाही मिळतो, पण सात-आठ अंशांचा फरक झाडं पाडत नाहीत. तो फरक उंचीचा आहे, आणि उंची तो कसा पाडते यात मिलमालकाच्या कोड्याचं उत्तर आहे.

ऊन हवेला फारसं तापवत नाही, ते तिच्यातून आरपार येतं आणि जमिनीला तापवतं. उन्हाळी धान निघून गेलेल्या कोरड्या बांधीची माती दुपारी हाताला चटका देते, ती तिला टेकलेल्या हवेला तापवते, आणि ती हवा हलकी होऊन वर निघते. इथपर्यंत माझा विद्यार्थी बरोबर होता. पण ती वर जाताना काय होतं, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, कारण डोक्यावर उरलेल्या हवेचं वजन कमी होतं. ब्रह्मपुरीच्या मानाने चिखलदऱ्याला दाब सुमारे नऊ टक्के कमी असतो. दाब सैल झाला की वर निघालेला हवेचा गोळा फुगतो. फुगायचं म्हणजे आजूबाजूच्या हवेला ढकलून जागा करायची, आणि ढकलायला ऊर्जा लागते. ती द्यायला बाहेरचं कोणी नसतं, कारण हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. मग तो गोळा स्वतःच्या उष्णतेतूनच ती खर्च करतो आणि थंड होतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, ते याच गोष्टीचं उलटं रूप. तिथे हवा दाबली जाते म्हणून तापते.

किती थंड होतो, याचा हिशेब अगदी साधा निघतो. एक किलो हवा एक मीटर वर चढायची तर ९.८ ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. एक किलो हवेचं तापमान एका अंशाने बदलायला सुमारे १००० ज्यूल लागतात. म्हणजे १०० मीटर चढली की हवा जवळजवळ एक अंश उतरते, आणि एका किलोमीटरला ९.८ अंश. यात ब्रह्मपुरी नाही, चिखलदरा नाही, जंगल नाही. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आणि हवेचा स्वभाव, एवढ्या दोनच गोष्टी आहेत.

आता घाट चढू. चिखलदऱ्याची तुलना खरं तर ब्रह्मपुरीशी करू नये, त्याच्या पायथ्याच्या परतवाड्याशी करावी. पुणे मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच आहे, तरी एप्रिलच्या दुपारी पुणंच जास्त तापतं, कारण मुंबईला समुद्र आहे. तुलना करायची तर एकाच हवेखालची दोन ठिकाणं घ्यावीत. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर, चिखलदरा १११८ मीटरवर. मधला चढ ७४८ मीटर. मेच्या दुपारी परतवाड्यात ४३ अंश असतील, तर ७४८ मीटरला ७.३ अंश वजा करा. चिखलदऱ्याला ३६च्या आतबाहेर मिळायला हवेत, आणि चांगल्या कोरड्या दुपारी तेवढेच मिळतात.

स्वतः मोजून पाहायचं असेल, तर गाडीच्या डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याचा संवेदक बहुधा बंपरजवळ असतो, घाटात गाडी हळू चालली की त्याला डांबराची आणि इंजिनाची धग लागते. साधा थर्मामीटर सावलीत, छातीच्या उंचीवर, वारा लागेल असा पाच मिनिटं धरावा. वेधशाळाही तेच करते. तिचा थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो.

"म्हंजे गरम हवा वर पोचेपर्यंत थंडी होते," मालक म्हणाला. हो, पण त्याच्या पुढची पायरी मला जास्त मजेची वाटते. समजा, चिखलदऱ्याची ती ३६ अंशांची हवा एका पातळ, सैल पिशवीत भरली आणि उष्णता आतबाहेर होऊ न देता ब्रह्मपुरीला आणली. ब्रह्मपुरी २२९ मीटरवर, म्हणजे ती हवा ८८९ मीटर खाली आली. वाटेत तिच्यावरचा दाब वाढत गेला, पिशवी आकसली, आणि हवा ८.७ अंशांनी तापली. इथे पिशवी उघडाल तर आत पावणेपंचेचाळीस अंश. मेच्या दुपारी आपल्याकडे बहुधा एवढंच असतं. चिखलदऱ्याला वेगळी, थंड हवा नसतेच. आपलीच हवा तिथे फुगलेली असते.

मुनीमजींनी तेव्हा नेमकी शंका काढली. डोंगरालाही ऊन लागतंच ना, मग तो आपली हवा तापवत का नाही? तापवतो. पण तिथला खडक ज्या हवेला तापवतो, ती शेजारच्या मोकळ्या आकाशातल्या त्याच उंचीवरच्या हवेपेक्षा हलकी होते आणि निघून जाते. तिची जागा बाजूची ३६ अंशांची हवा घेते. डोंगराच्या चहूबाजूंना अशी हवा पडलेली असते. मैदानाला ही सोय नाही. इथून वर गेलेल्या हवेच्या जागी वरचीच हवा उतरते, आणि उतरता उतरता तापून पुन्हा पावणेपंचेचाळीसची होते. म्हणून मैदान आपल्या हवेपासून सुटत नाही. डोंगराऐवजी पठार फार मोठं असलं, तिबेटसारखं, तर मात्र ते स्वतःच मैदान होऊन बसतं. आपल्या वरची हवा तेच तापवतं, आणि मग नुसत्या उंचीवरून मांडलेला हिशेब फसतो.

हे सारं तेव्हाच लागू पडतं, जेव्हा हवा खालीवर घुसळली जात असते. ते ओळखायला यंत्र लागत नाही. दुपारी घारी पंख न हलवता गिरक्या घेत वर चढत असतील, रस्त्यावर धुळीच्या वावटळी उठत असतील, मिलच्या धुराड्याचा धूर वेटोळी घेत वर-खाली गोते खात असेल, तर घुसळण चालू आहे. खात्री हवी असेल, तर नागपूरच्या वेधशाळेतून रोज पहाटे आणि संध्याकाळी यंत्र बांधलेला फुगा सोडतात. मेमध्ये संध्याकाळच्या फुग्याची रेघ दोन-तीन किलोमीटरपर्यंत या ९.८च्या उताराला धरून चालते.

भूगोलाच्या पुस्तकात मात्र किलोमीटरला साडेसहा अंश असा आकडा असतो. मीही तो पाठ करून घेतला आहे. तो चूक नाही, सरासरी आहे. कोरडी आणि ओली हवा, दिवस आणि रात्र, सगळं त्यात मिसळलं आहे. मेच्या दुपारी तो परतवाड्याला लावला तर चिखलदरा ३८ अंशांवर जातो, दोन अंशांनी चुकतो.

पावसाळ्यात हा हिशेब बदलतो, आणि ते कळायला आमच्यासमोर कूलर होताच. कूलरच्या जाळीत पाण्याची वाफ होते, ती होताना हवेतली उष्णता घेते, म्हणून वारा गार लागतो. ढगात नेमकं उलटं घडतं. वाफेचं पाणी होतं आणि घेतलेली उष्णता परत मिळते. जुलैत खाली ३० अंश आहेत आणि हवेतली वाफ २५ अंशांवर दव धरेल इतकी आहे, असं समजा. या पाच अंशांच्या अंतरासाठी हवेला सुमारे सव्वासहाशे मीटर वर जावं लागतं, तिथे ढगाचं बूड. तिथपर्यंत हवा सहा अंश उतरते. त्यापुढे ढगाच्या आत उष्णता परत मिळत असल्याने किलोमीटरला चार अंशच. परतवाड्याहून चढताना शेवटचे सव्वाशे मीटर या ढगात जातात. पर्यटक त्याला धुकं म्हणून फोटो काढतात. तो ढगच, फक्त आपण त्याच्या पोटात उभे असतो. आणि पायथ्याशी असलेला फरक आता ७.३ अंश नाही, साडेसहाच्या आसपास येतो.

हिवाळ्याच्या रात्री तर हिशेबाचं बूडच निखळतं. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन गार होते आणि तिला टेकलेली हवा आधी गारठते. जड हवा खाली बसते, घुसळण थांबते. डिसेंबरच्या पहाटे बोडीच्या पाळीवरून खालच्या बांधीत उतरा, चार पावलांत कानाला थंडी झोंबते. तेव्हा वर उबदार आणि खाली गार असतं. अशा पहाटे चिखलदऱ्याचा आणि परतवाड्याचा फरक बराच आटतो. इथेही त्या पहाटे मिलचा धूर थोडा वर जाऊन अडतो आणि बांध्यांवर आडवा पसरतो, जणू अदृश्य छताला टेकला. शेजारपाजारचे लोक तेव्हा मिलवर चिडतात. मिल मात्र तेवढाच धूर मेमध्येही सोडत असते.

मालकाला यातलं किती पटलं, ठाऊक नाही. त्याचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. चिखलदरा लांब पडतो, मग नागभीडकडच्या पेरजागडावर दुपार काढली तर? मी म्हटलं, पायथ्यापासून दोनशे मीटर चढशील असं धरू, म्हणजे दोन अंश. ४५चे ४३ होतील. त्यासाठी उन्हात सारा डोंगर चढावा लागेल.

त्याने उठून कूलरमध्ये आणखी एक बादली पाणी ओतलं.