खोली बदलली की लाकडाचा रंगही बदलतो : फर्निचरच्या एआय जाहिरातीबद्दल माझं स्पष्ट मत



साताऱ्याच्या बॅचला सांगलीहून एक फर्निचरवाले आले होते. स्वतःचा कारखाना, हाताखाली चार सुतार, सागवानी सोफा ही खासियत. दसऱ्यासाठी त्यांनी एआयवर घरबसल्या जाहिरात बनवली होती. चार सीन : रिकामा हॉल, मग सोफा, मग सोफ्याच्या हातावरचं कोरीव काम, शेवटी सोफ्यावर बसलेलं कुटुंब.

सुटा सुटा बघितला तर प्रत्येक सीन झकास होता. सलग लावल्यावर मात्र खिडकी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. भिंत आधी क्रीम, मग पांढरी. आणि खरी गडबड लाकडात. दुसऱ्या सीनमध्ये सोफा मधाच्या रंगाचा, तिसऱ्यात पिवळ्या दिव्याखाली लालसर, जवळजवळ शिसवीसारखा. कराडच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "यातला नक्की कुठला रंग तुमच्याकडे मिळतो?" हे म्हणाले, "सर, सोफा तर एकच आहे!"

गिऱ्हाइकाची चूक नव्हती. त्याला जाहिरातीत दोन सोफे दिसले.

म्हणून माझं मत सरळ आहे. फर्निचरच्या जाहिरातीत खोली आणि उजेड एकसारखा ठेवणं हे सजावटीचं काम समजू नका. तो तुमच्या मालाच्या रंगाचा पुरावा आहे. सीन थोडे साधे झाले तरी चालतील, पण खोली एकच दिसली पाहिजे.

खोली बदलते कशामुळे?

हे साधन प्रत्येक सीन नव्याने बनवतं. कालचा हॉल त्याच्या लक्षात नसतो. एकाच चॅटमध्ये मागचं चित्र थोडंफार धरून ठेवणारी साधनं आहेत, पण त्यावर विसंबू नका. तुम्ही "सुंदर हॉल" लिहिलंत की ते दर वेळी वेगळा सुंदर हॉल काढणार. जे तुम्ही सांगितलं नाही, ते सगळं ते स्वतः भरतं.

दुसरा घोळ विशेषणांचा. "उबदार" लिहिलं की पिवळे दिवे लागतात. "प्रीमियम" लिहिलं की बऱ्याचदा खोली काळोखी होते. आपल्या सांगलीकरांनी चार सीनमध्ये चार विशेषणं वापरली होती आणि प्रत्येकाने आपापला उजेड आणला.

आधी खोलीचा एक परिच्छेद पक्का करा

आम्ही तिथेच बसून हा परिच्छेद लिहिला :

```
मध्यम आकाराचा हॉल. समोर सपाट भिंत, फिकट क्रीम रंगाची.
डाव्या भिंतीत एकच उभी खिडकी, पातळ पांढरा पडदा.
खाली चौकोनी राखाडी फरशी. उजव्या कोपऱ्यात कुंडीत एक झाड.
सकाळी नऊचा मऊ उजेड, फक्त डाव्या खिडकीतून.
सावल्या उजवीकडे पडतात.
कॅमेरा समोरच्या भिंतीकडे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
```

यात कौतुकाचा एकही शब्द नाही. उजेड कुठून येतो, किती वाजताचा आहे आणि सावली कुठे पडते, एवढंच आहे. "शहाबादी फरशी" असं आपण म्हणतो, पण साधनाला ते कळेलच असं नाही, म्हणून रंग आणि आकार सांगितला. "भिंतीवर घड्याळ नको" असंही लिहू नका. नाव घेतलं की बऱ्याचदा घड्याळ हजर होतं! जे हवंय तेवढंच लिहा.

हा परिच्छेद प्रत्येक सीनला जसाच्या तसा चिकटवायचा. एक शब्दही इकडचा तिकडे नाही. साधनाला मराठी नीट समजत नसेल तर एकदाच इंग्रजी करून घ्या आणि तेच जपून ठेवा. दर वेळी नवं भाषांतर केलंत तर शब्द बदलतात, आणि शब्द बदलले की खोली बदलते. सीनमध्ये काय घडतं ते खाली एका ओळीत :

```
सीन ३: कॅमेरा सोफ्याच्या डाव्या हाताजवळ.
एक हात कोरीव कामावरून हळू फिरतो.
```

डावाच हात का? खिडकी डावीकडे आहे. तिरका उजेड कोरीव कामावर पडतो आणि नक्षी उठून दिसते. उजवा हात सावलीत गेला असता.

पण नुसत्या शब्दांवर थांबू नका

इतकं करूनही खोली ऐंशी टक्के जुळेल असं समजा, शंभर नाही. म्हणून आधी याच परिच्छेदावरून रिकाम्या हॉलचं एक स्थिर चित्र बनवा. दहा-बारा काढा, एक निवडा. तेच आता तुमचं मूळ चित्र. प्रत्येक सीनला हे चित्र जोडायचं आणि त्यावरूनच पुढचं करायचं. जवळचा सीन हवा असेल तर सोफा ठेवलेल्या चित्राचाच तो भाग कापून घ्या आणि तिथून व्हिडिओ सुरू करा.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली, मागच्या सीनची शेवटची फ्रेम घेऊन पुढचा सीन बनवणं. सोपं वाटतं, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं. चौथ्या सीनपर्यंत रंग भडक होतात आणि भिंतीचा नूर पालटतो. दर वेळी मूळ चित्राकडेच परत जा. दुसरी चूक, कॅमेरा मागे वळवणं. मागची भिंत मूळ चित्रात नाहीच, म्हणजे साधन ती मनाने रचणार. तीस सेकंदांच्या जाहिरातीला एक भिंत आणि एक खिडकी पुरते.

आणि सोफा मात्र तुमचाच हवा, खऱ्या फोटोतला. खोली बनावट चालेल, माल बनावट नको. तो फोटो काढतानाही उजेड डावीकडून घ्या. सांगलीकरांचा पहिला फोटो कारखान्यात ट्यूबलाइटखाली काढलेला होता. उजेड वरून, सावली सोफ्याच्या खाली. हॉलमध्ये ठेवल्यावर तो चिकटवल्यासारखा दिसत होता. मग त्यांनी सकाळी सोफा शटरजवळ आणला, दार डाव्या हाताला ठेवून फोटो काढला, आणि सोफा खोलीत बसला.

तपासायचं कसं?

चारही सीनचा एकेक स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर कोलाज करा. खिडकीची बाजू, सावलीची दिशा, भिंतीचा रंग आणि लाकडाचा रंग बघा. भिंत किंचित पिवळी-निळी वाटली तर एडिटिंग अॅपमध्ये रंगाचं तापमान सरकवून पडद्याचा पांढरा रंग जुळवा. सावली उलटी असेल तर तिथे अॅपचा इलाज नाही, सीन नव्याने करा. पडद्याच्या चुण्या किंवा झाडाची पानं थोडी बदलतील, ते सोडून द्या. बघणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही.

शेवटी सोफ्याचा फोटो मोबाइलवर ठेवून खऱ्या सोफ्याशेजारी उभे राहा, दिवसाउजेडी. रंग जुळला तरच जाहिरात सोडा. सांगलीकरांनी हेच केलं आणि तिसरा सीन, दिसायला सगळ्यात भारी असलेला, काढून टाकून पुन्हा बनवला. त्यांना जड गेलं. पण कराडहून गाडी करून आलेल्या माणसाला दुकानात "हा तो नाही" असं वाटण्यापेक्षा ते परवडलं.

या आठवड्यात एकच काम करा : तुमच्या मालाला शोभेल अशी खोली सहा ओळींत लिहा. विशेषणं खोडा. उरेल तो तुमचा परिच्छेद.