बुरशी आलेलं पाकीट फेकू नका, आधी नीट पत्र लिहा

गेल्या पावसाळ्यात विठ्ठलवाडीतल्या माझ्या दुकानात एक ताई भाकरवडीचं पाकीट परत घेऊन आल्या. एक्स्पायरीला दीड महिना बाकी आणि आत बुरशी! मी त्यांचे पैसे दिले आणि रागात कंपनीला मेसेज टाकला, "माल खराब आहे." उत्तर आलं, "दुकानात ओल असेल."

चूक माझीच. त्या मेसेजवरून त्यांना शोधता येईल असं काहीच नव्हतं. मग पत्र लिहिलं. बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, बिलाची प्रत, फोटो. पुढे लिहिलं, "याच बॅचची उरलेली अकरा पाकिटं पाण्यात दाबून पाहिली. तीन पाकिटांच्या सीलमधून बुडबुडे आले. त्याच फळीवरच्या दुसऱ्या बॅचमध्ये एकातूनही नाही." आता ओलीचं कारण कसं चालेल?

तळलेला कोरडा माल सहसा आधी खवट होतो. बुरशी दिसली म्हणजे आत ओलावा आहे. एकतर सील सैल, नाहीतर माल गरम असतानाच भरला आणि वाफ आत कोंडली. बुडबुडे नसतील तर दुसरा संशय घ्या.

माझं मत विचाराल तर नुसते पैसे मागू नका, बॅच परत घ्यायला सांगा. आमच्याकडची पाकिटं चार दिवसांत उचलली. दाद दिली नसती, तर पाकिटावरचा १४ आकडी लायसन्स नंबर टाकून एफएसएसएआयकडे तक्रार करणार होतो. बुरशीचं पाकीट तोपर्यंत वेगळं बांधून ठेवलं होतं.