नऊ चौकटी भरल्या, आता गावात जा

ब्रह्मपुरीकडचा एक तरुण नुकताच आमच्याकडे एक मोठा कागद घेऊन आला. उद्योजकतेच्या प्रशिक्षणात त्याला तो भरायला शिकवले होते. वडील नोकरीतून निवृत्त झाले, त्यांचे चार लाख रुपये हाताशी आहेत आणि एका मोठ्या गावात कृषी सेवा केंद्र काढायचा त्याचा विचार आहे. कागद सुबक भरला होता. "यात काही राहिले का?" असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, "भाऊ, राहिले काहीच नाही. पण यातले खरे किती?"

या कागदाला 'बिझनेस मॉडेल कॅनव्हास' म्हणतात. स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी आपले प्राध्यापक ईव्ह पिन्यूर यांच्यासह तो घडवला आणि २०१० च्या पुस्तकातून तो जगभर गेला. त्यात नऊ चौकटी असतात: ग्राहक कोण, त्याला देणार काय, माल पोहोचवणार कसा, संबंध राखणार कसे, पैसा येणार कशातून, साधने कोणती, रोजची कामे कोणती, भागीदार कोण आणि खर्च किती. कागद चांगलाच आहे. मात्र आपल्याकडे तो भरून फायलीत लावतात आणि दुकानाची पागडी देऊन टाकतात. वास्तविक चौकटीत लिहिलेले प्रत्येक वाक्य हा एक अंदाज असतो. खोटा ठरला तर दुकान बुडवील असा अंदाज कोणता, हे शोधून तो पैसे घालण्यापूर्वी तपासणे, यासाठीच हा कागद आहे.

त्या तरुणाच्या कागदावर असे तीन अंदाज आम्हाला दिसले. पहिला: धान लावणारा शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेईल. दुसरा: खत ठेवले की गिऱ्हाईक येईल आणि खतावर कमाई होईल. तिसरा: उधारी दिली तरी दिवाळीनंतर ती वसूल होईल.

पहिला अंदाज पाहू. चंद्रपूरचा पश्चिम भाग, म्हणजे वरोरा, राजुरा, कोरपना, हा कापूस-सोयाबीनचा मुलूख आहे. तेथे बीटी कापसाचे पाकीट दरवर्षी घ्यावेच लागते. पूर्वेकडचा ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल हा पट्टा आणि त्याला लागून असलेला गडचिरोली जिल्हा धानाचा आहे. धानाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे सुधारित वाणाचे घरचे बियाणे नीट निवडून ठेवले तर तीन-चार हंगाम चालते. संकरित धानाचे तसे चालत नाही, ते दरवर्षी नवे घ्यावे लागते.

याचा सर्वांत मोठा दाखला याच पट्ट्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, पुनःपुन्हा निवडल्या. त्यातून निघालेले बारीक धान पुढे घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून प्रसिद्ध झाले. ते बियाणे शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे, हातोहात पसरले. दादाजी २०१८ मध्ये वारले. दुकानदाराने यातून एवढे ध्यानात घ्यावे की जेथे इतके नावाजलेले वाण शेजाऱ्याच्या कणगीतून मिळते, तेथे बियाण्याच्या पिशवीला गिऱ्हाईक आहे असे गृहीत धरता येत नाही.

मग तपासायचे कसे? एप्रिल-मेमध्ये तीन गावांतल्या तीस शेतकऱ्यांच्या घरी जावे. नात्यातली घरे टाळावीत. "आम्ही दुकान काढले तर बियाणे घ्याल का?" असा प्रश्न कधीही विचारू नये. दारी आलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. मागचे विचारावे: "गेल्या खरिपात बांधीत कोणते धान होते? बियाणे कुठून आणले? त्याआधी नवे केव्हा घेतले होते?" विकत घेतले असे म्हटले तर रिकामी पिशवी किंवा बिल दाखवता का, असे नम्रपणे विचारावे. पुष्कळदा ती पिशवी घरात काही भरून ठेवलेली असते. तिच्यावरून वाण आणि कंपनी दोन्ही कळतात.

आणि घरातून निघण्यापूर्वी वहीत एक आकडा लिहून ठेवावा. उदाहरणार्थ, "तिसापैकी बारा जणांनी गेल्या दोन हंगामांत बियाणे विकत घेतलेले असले, तर अंदाज खरा." हा आकडा आधी लिहिणे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर सहा निघाले तरी "सहा म्हणजे काही कमी नाहीत" असे आपले मनच आपल्याला सांगते. समजा, सहाच निघाले. मग बियाण्याने भरलेल्या दुकानाचा बेत रद्द करावा आणि त्या सहांनी काय घेतले, संकरित की सुधारित, तेवढेच ठेवावे. पेरा संपल्यावर उरलेली पिशवी पडून राहते, तिच्यावर वैधतेची तारीख असते आणि पुढच्या जूनपर्यंत ती उलटलेली असू शकते. शिल्लक माल परत घेणार का, हे ठोक विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

दुसरा अंदाज खताचा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत सरकारने २६६ रुपये ५० पैसे ठरवली. विक्रेत्याचे कमिशन एप्रिल २०१८ पासून टनाला ३५४ रुपये झाले. म्हणजे पोत्यामागे सुमारे १६ रुपये. दहा टनांचा ट्रक उतरवला तर २२२ पोती होतात. गुंतवणूक सुमारे ५५ हजार, आणि सगळी पोती रोखीने विकली तर हाती ३,५४० रुपये. रेल्वेच्या रेकपासून आपल्या गावापर्यंतच्या भाड्याचा आणि हमालीचा काही भार आपल्यावर पडला तर? पोत्यामागे दहा रुपये जरी गेले, तरी उरतात सहा. हा प्रश्न शेतकऱ्याला विचारायचा नाही. वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या ठोक विक्रेत्याला आणि आडगावच्या दोन जुन्या दुकानदारांना विचारायचा. युरियाबरोबर दुसरा न खपणारा माल माथी मारला जातो का, हेही तेथेच कळेल. युरियाने गिऱ्हाईक दुकानात येते, एवढे खरे. पण 'पैसा कशातून येणार' या चौकटीत त्याचे नाव लिहू नये.

तिसरा अंदाज सर्वांत घातक. वरचाच हिशेब पुढे नेऊ. एक पोते उधार गेले आणि बुडाले, तर आपले अडीचशे रुपये गेले. ते भरून काढायला पोत्यामागे १६ रुपयांप्रमाणे आणखी सोळा पोती रोखीने विकावी लागतात. उधारीवर व्याज घ्यायचे नाही, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. काही बांधव व्याज टाळून उधारीचा भाव आधीच थोडा जास्त ठरवतात. खतात तोही मार्ग बंद आहे, कारण पोत्यावर छापलेल्या किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेणे गुन्हा आहे. म्हणून उधारीचा सगळा भार त्या १६ रुपयांवरच पडतो.

येथे या कागदाची एक मोठी उणीव लक्षात घ्यावी. त्याच्या नऊ चौकटींत महिना कोठेच नाही. आपल्या भागात तर सगळा व्यवहार महिन्यांवर चालतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेच्या सुमारास तेंदूपत्ता, जूनमध्ये पऱ्हे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि खत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुडतुडे आले तर औषध, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धान. महामंडळाच्या केंद्रावर धान घातले की पैसे खात्यात पडेपर्यंत आणखी वाट पाहावी लागते. म्हणून कागदाच्या मागे बारा महिन्यांची पट्टी आखावी, आणि प्रत्येक महिन्याखाली शेतकऱ्याच्या हाती पैसा कशाचा आणि आपला माल कोणता, हे लिहावे. तेंदूपत्त्याची मजुरी वेळेवर मिळणाऱ्या गावात जूनचे बियाणे रोखीने जाऊ शकते. ऑगस्टचे खत आणि ऑक्टोबरचे औषध मात्र उधारीच्या महिन्यांत येते.

याचीही तपासणी करता येते, आणि ती शब्दांवर न राहता पैशावर करावी. परवान्याशिवाय बियाणे, खत किंवा औषध विकणे, घरात साठवणे हा गुन्हा आहे. औषधांच्या परवान्याला शिक्षणाचीही अट आहे. म्हणून पहिला हंगाम तालुक्याच्या एखाद्या परवानाधारक दुकानदाराशी बोलून घ्यावा. आपण गावात फक्त मागणी नोंदवायची, बिल त्याचे, माल त्याच्या गोदामातून, आणि आपल्याला ठरलेली मजुरी. मेमध्ये वीस शेतकऱ्यांना सांगावे की बियाणे घरपोच येईल, नोंदणीचे शंभर रुपये आज द्या, बाकी माल आल्यावर. वीसपैकी किती जण शंभराची नोट काढतात, ते पाहावे. "आमचे तर धानाच्या व्यापाऱ्याकडे खाते आहे, धान त्यालाच घालायचे असते," असे उत्तर आले तर तेही वहीत लिहावे. आपला खरा स्पर्धक कोण हे तेथे कळते, आणि स्पर्धकाची चौकट या कागदात नाही.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले की चार लाखांना हात लावू नये. गावोगाव फिरण्याचे पेट्रोल आणि एक वही, एवढाच खर्च या हंगामात करावा. अंदाज खोटा ठरला तर कागद फाडू नये, ती चौकट खोडून नवी लिहावी. त्याचे मामा वेल्डिंगचे काम करतात. फवारणी पंपांची दुरुस्ती करणारा त्या गावांच्या आसपास कोणी नसेल, तर तेथे रोख काम मिळू शकेल. अर्थात हाही अंदाजच. तोही तसाच तपासावा लागेल: गेल्या वर्षी पंप बिघडला तेव्हा कुठे नेला आणि किती दिले?

आणि एक सावधगिरी. तीन गावांत एका हंगामात मिळालेले उत्तर त्या तीन गावांपुरतेच असते. ब्रह्मपुरीची वही घेऊन एटापल्ली किंवा भामरागडला दुकान काढू नये. तेथे पूर आला की रस्ताच बंद पडत आला आहे. तेथे माल पोहोचवण्याची चौकट पहिल्यापासून नव्याने भरावी लागेल.