षटके सामन्यातली नव्हे, आठवड्याची मोजा



‘पोरांनी भरपूर गोलंदाजी केली की पाठ आपोआप तयार होते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला घातक वाटते. कमरेच्या मणक्याचे हाड विशीपर्यंत पक्के होत असते. ताणाशी जुळवून घ्यायला स्नायूंपेक्षा हाडाला जास्त वेळ लागतो, म्हणून दम टिकला तरी हाड चिरते. पॅट कमिन्स १८व्या वर्षी, २०११मध्ये पहिली कसोटी खेळला. पाठीच्या दुखापतींमुळे दुसरी थेट २०१७मध्ये.

आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा परीक्षेनंतरचा. दोन महिने चेंडूला हात नाही आणि सुटीच्या शिबिरात रोज दहा षटके! त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस, चार-चार षटकांपासून सुरुवात करून भार हळूहळू वाढवावा. नेटमधले चेंडूही वहीत लिहावेत. जोडीला साइड प्लँक आणि एका पायावरचे स्क्वॉट हवेत, पण व्यायामाने जादा षटकांची भरपाई होत नाही.

उजव्या हाताच्या गोलंदाजाची कंबर डावीकडे दुखत असेल, मागे वाकताना कळ येत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा. सुरुवातीची इजा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

– एक प्रशिक्षक, नाशिक