जांभळ्या उजेडात दिसणारी डागडुजी

नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या जुन्या घरांत माळ्यावर चिनी मातीची एखादी बशी हमखास निघते. 'कुठे टवकाही नाही' या शब्दावर ती विकत घेऊ नये. आधी ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च फिरवून पाहावी.

बशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, कारण कपड्याचे धागे आणि साबणाचा थरही चमकतो. मग खोलीत पूर्ण अंधार करून टॉर्च तिरकी धरावी. मूळ झिलई सगळीकडे सारखी मंद जांभळट दिसते. तडा डिंकाने जोडला असेल तर तिथे पांढरट-निळी रेघ उठते, वर रंग मारलेला भाग वेगळ्या रंगाच्या ठिगळासारखा दिसतो. काचेच्या पेल्यातही जोडावरचा डिंक असाच उजळतो. तैलचित्रावर मात्र उलट घडते: जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळा डाग होऊन दिसतो.

पण काही डिंक व रंग चमकतच नाहीत. म्हणून डाग दिसला तर डागडुजीची शंका घ्यावी, दिसला नाही म्हणून वस्तू अखंड ठरत नाही.

करोनाकाळात घेतलेली जंतुनाशक २५४ नॅनोमीटरची नळी यासाठी कधीच वापरू नये. ती डोळे आणि कातडी भाजते. ३६५च्या टॉर्चकडेही थेट पाहू नये, अतिनील किरण अडवणारा चष्मा लावावा. बशीपेक्षा डोळे महाग आहेत.