थकबाकीची नोटीस

सोसायटीचा सचिव म्हणून मला पहिली थकबाकीची नोटीस काढावी लागली ती तिसऱ्या मजल्यावरच्या चाचांना. एप्रिल ते सप्टेंबर, सहा महिन्यांचा मेंटेनन्स त्यांनी भरला नव्हता. कमिटीतल्या एकाने मसुदा तयारच ठेवला होता : ‘आपण सहा महिने फुकट राहत आहात. आठ दिवसांत १५,९१२ रुपये न भरल्यास पाणी तोडले जाईल.’

मला तो पाठवावासा वाटला नाही. पाणी तोडण्याचा अधिकार सोसायटीला नाहीच. वसुलीचा कायदेशीर रस्ता म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवणे. त्या अर्जाला बिलं, खात्याचा उतारा, कमिटीचा ठराव आणि नोटिशीची प्रत जोडतात. म्हणजे आपली नोटीस उद्या परका अधिकारी वाचणार. तिथे ‘फुकट राहत आहात’ हे वाक्य चाचांना नव्हे, आपल्याला भोवतं.

दुसरी चूक आकड्यात होती. महिन्याला २,४०० प्रमाणे मुद्दल १४,४००. आमच्या उपविधीनुसार व्याज वर्षाला २१ टक्के, तेही सरळव्याज. मसुद्यात सगळ्या रकमेवर सहा महिन्यांचं व्याज लावलं होतं, १,५१२. पण सप्टेंबरचं बिल सहा महिने थकलेलं कसं असेल? प्रत्येक बिल महिनाअखेर देय. ३१ ऑक्टोबरपर्यंत एप्रिलचं बिल सहा महिने उशिरा, सप्टेंबरचं एकच महिना. एका बिलावर महिन्याला ४२ रुपये, असे एकूण २१ महिने, म्हणजे ८८२. समोरच्याने एवढी एक चूक पकडली की तो सगळंच बिल खोटं ठरवतो.

चाचा का भरत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळतं. गळती खरी आहे, पण तिच्यासाठी मेंटेनन्स अडवता येत नाही. तरी नोटिशीत तिचा उल्लेखच न करणं मला अप्रामाणिक वाटलं. शेवटी असं लिहिलं :

‘आदरणीय महोदय, एप्रिल ते सप्टेंबरची देयके आपल्याकडून जमा झालेली नाहीत. मुद्दल १४,४०० व ३१ ऑक्टोबरपर्यंतचे व्याज ८८२, एकूण १५,२८२ रुपये. महिनावार तपशील सोबत जोडला आहे. हिशेबात चूक आढळल्यास कळवावे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरावी, अन्यथा संस्थेस कलम १५४ब-२९ नुसार अर्ज करावा लागेल. आपल्या गळतीच्या तक्रारीची पाहणी येत्या रविवारी सकाळी होईल. ती बाब या थकबाकीपासून स्वतंत्र आहे.’

एक प्रत हातात देऊन पोच घेतली, दुसरी रजिस्टर पोस्टाने. नोटीस बोर्डावर लावायचा आग्रह झाला, तो मी मानला नाही.

चाचांनी तपशील दोनदा वाचला. मग म्हणाले, “रविवारी किती वाजता?”