परिपक्वता अंक सहा आणि माझा राहिलेला चातुर्मास



मागच्या चातुर्मासात दोन महिने कुंभोज-बाहुबलीला स्वाध्यायासाठी राहायचं माझं ठरलं होतं. सूनबाईने स्वयंपाकघर सांभाळायची तयारी दाखवली होती, ह्यांचीही हरकत नव्हती. तरी मी गेले नाही. कारण सांगायला आज लाज वाटते. ओळखीतल्या एका अंकशास्त्र बघणाऱ्या बाईंनी माझा कागद मांडला आणि म्हणाल्या, "काकू, तुमचा परिपक्वता अंक सहा येतो. पन्नाशीनंतर तुमचं सगळं घरातच आहे. घर सोडून राहिलात तर घर विस्कटेल." मी पिशवी भरलीच नाही.

आपल्या मंडळात आता बऱ्याच जणी हा अंक काढून घेतात, म्हणून तो कसा निघतो ते नीट सांगते. मूलांक, भाग्यांक आपल्याला ठाऊक आहेत. परिपक्वता अंक म्हणजे भाग्यांक आणि नामांक यांची बेरीज, एक आकडा उरेपर्यंत केलेली. पस्तिशीनंतर तो हळूहळू दिसू लागतो आणि पंचेचाळीस-पन्नासनंतर माणूस त्या अंकासारखा होतो, असं सांगतात. एक म्हणजे स्वतंत्र बाणा, चार म्हणजे शिस्त आणि कष्ट, सहा म्हणजे घर आणि जबाबदारी, सात म्हणजे एकांत आणि चिंतन. सात आला असता तर त्याच बाईंनी मला बाहुबलीच्या गाडीत बसवलं असतं!

आता माझाच हिशोब बघा. जन्मतारीख १७ मार्च १९७२. सतराचे आठ, मार्चचे तीन, आणि १९७२ चे एकोणीस, मग दहा, मग एक. आठ, तीन आणि एक मिळून बारा, म्हणजे भाग्यांक तीन. इथपर्यंत भांडण नाही.

भांडण नावापाशी सुरू होतं. इंग्रजी अक्षरांना ओळीने एक ते नऊ आकडे देतात. ए ला एक, आय ला नऊ, जे ला पुन्हा एक, असं झेडपर्यंत. सुनंदा लिहायला एस १, यू ३, एन ५, ए १, एन ५, डी ४, ए १ लागतात, म्हणजे वीस. वडिलांचं बाबुराव चोवीस, माहेरचं आडनाव पाटील बावीस. एकूण सहासष्ट, त्याचे बारा, त्याचे तीन. भाग्यांक तीन आणि नामांक तीन, झाले सहा. बाईंनी बेरीज चुकवली नव्हती.

पण माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर 'बाबुराव'च्या शेवटी ओ नाही, व्ही आहे. ओ चे सहा धरतात, व्ही चे चार. बेरीज चौसष्ट होते, नामांक एक होतो आणि परिपक्वता अंक चार. त्या काळच्या कारकुनाने पेन जरा वेगळं फिरवलं म्हणून माझं म्हातारपण बदललं म्हणायचं का?

आणि लग्नानंतरचं नाव? ह्यांचं नाव उखाण्याशिवाय घेत नाही, पण हिशोबाला लिहायलाच हवं. अशोकचे अठरा, मगदूमचे तेवीस, माझे वीस, मिळून एकसष्ट. नामांक सात, भाग्यांक तीन, बेरीज दहा, म्हणजे एक. स्वतंत्र बाणा! माहेरच्या नावाने मी घरात बसायचं आणि सासरच्या नावाने घराबाहेर पडायचं.

यावर बाईंचं उत्तर असं की जन्माच्या वेळचंच नाव धरायचं असतं. इंग्रजी पुस्तकांत खरंच तसा नियम आहे, कारण तिकडे जन्मदाखल्यावर बाळाचं पूर्ण नाव असतं. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांच्या जन्मनोंदीत नावाची जागा रिकामी आहे, नुसतं 'स्त्री' लिहिलंय. इंग्रजी स्पेलिंग तर शाळेत पहिल्यांदा मिळालं. आमच्या सासूबाईंचं नाव लग्नमांडवात बदललं, आणि जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावली, त्या वर्षी शाळेत घातलेल्या निम्म्या मुलांची लावली तशीच. त्यांचा तर भाग्यांकच हेडमास्तरांचा!

शिवाय हा तक्ता पायथागोरसचा म्हणून सांगतात. तो ग्रीक होता, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. त्याने इंग्रजी ए ते झेड कुठून मोजले असतील? आपली देवनागरी तर यात कुठे बसतच नाही. आई ज्या नावाने हाक मारायची, ते नाव या हिशोबात नाहीच.

आणखी एक गंमत मला वहीत आकडेमोड करताना कळली. भाग्यांक नऊ असेल तर परिपक्वता अंक म्हणजे नामांकच, कारण नऊ मिळवून आकडे एकवटले की मूळचाच अंक परत येतो. चारात नऊ मिळवा, तेरा, पुन्हा चार. म्हणजे नऊवाल्या बाईला उतारवयात नवीन काहीच नाही, वर तिला सांगायचं की तुमचा अंक दुप्पट जोराचा आहे.

कुणी हौसेने काढत असेल तर काढू दे. मुलीही मोबाईलवर काढतात आणि हसतात. माझा राग आहे तो त्यावरून नेम-नियम, व्रत, दान पुढे ढकलण्यावर. तुम्हाला कुणी हा अंक सांगितला तर एवढंच विचारा, कोणतं नाव धरलं आणि कोणतं स्पेलिंग? मग दुसऱ्या कागदावरचं नाव देऊन पुन्हा काढायला सांगा.

उतारवयाचा हिशोब आपल्याकडेही आहे, आणि तो मला पाठशाळेत लहानपणीच शिकवला होता. पुढच्या भवाचं आयुकर्म कधी बांधलं जातं? आयुष्याचे दोन भाग सरून तिसरा उरला की पहिली वेळ येते. पंडितजी एक्याऐंशी वर्षांचं उदाहरण द्यायचे. चोपन्नाव्या वर्षी, सत्तावीस उरले असताना, पहिली वेळ. तेव्हा नाही बांधलं तर नऊ उरले असताना, मग तीन, मग एक वर्ष, मग चार महिने, चाळीस दिवस, असं आठ वेळा. त्यातही नाही तर अगदी शेवटच्या अंतर्मुहूर्तात. त्या वेळी परिणाम जसे, तसं आयुष्य बांधलं जातं. नाव काय, स्पेलिंग काय, याला तिथे जागा नाही.

पण हा हिशोब मांडायला आपलं एकूण आयुष्य किती ते आधी माहीत हवं, आणि ते केवलीशिवाय कुणाला ठाऊक? एक्याऐंशी असेल तर चोपन्नावं. साठच असेल तर माझी पहिली वेळ चाळिशीतच निघून गेली, तेव्हा मी बहुतेक कुणाच्या तरी लग्नाच्या साडीवरून रुसले होते. पंडितजींनी कुणालाही तुझं वर्ष अमुक, असं कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, आत्ता मनात काय चाललंय ते बघ.

येत्या मार्चमध्ये मला चौपन्न लागतील. बाहुबलीला खोलीसाठी नाव घालून ठेवलंय, मराठीत. सूनबाई म्हणाली, "आई, दोन महिने कशाला, चारही महिने राहा." घर विस्कटायच्या भीतीने मी थांबले होते, आणि हिचा उत्साह बघून आता वेगळीच शंका येतेय.